एका टी-शर्टची दहा मिनिटे

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथील ऑरिक औद्योगिक वसाहतीत दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे. त्याचे उत्पादन 2019 मध्ये सुरू झाले. जीन्स, लेगिंग, अंगाबरोबर ताणला जाणारा टी-शर्ट यांत जो लवचीक धागा असतो, तो हाच. शेंद्र्याच्या चारही बाजूंना, फुलंब्री-सिल्लोडपासून जालन्यापर्यंत, कापसाचे पट्टे आहेत आणि जिनिंगचे कारखाने आहेत. म्हणजे निर्यातीच्या टी-शर्टला लागणारा कापूस आणि स्पॅन्डेक्स, दोन्ही या शहराच्या अंगणात तयार होतात. पण त्यांचा शर्ट होतो तिरुपूरला, बेंगळुरूला, दिल्लीच्या परिसरात किंवा मुंबईच्या आसपास. मधला सगळा टप्पा, म्हणजे विणणे, रंगवणे, कापणे, शिवणे आणि जहाजावर चढवणे, संभाजीनगरात फारच थोडा आहे. वस्त्रोद्योगातली बहुसंख्य माणसे नेमकी याच मधल्या टप्प्यावर काम करतात. म्हणून या शहरातला विद्यार्थी कपडे उद्योगातल्या करिअरबद्दल विचारतो, तेव्हा त्याला उत्तर म्हणून प्रशिक्षण संस्थांची यादी मिळते. आत काय काम चालते, ते कळत नाही.

ते कळण्यासाठी एकाच ऑर्डरचा माग काढू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण कारखान्यात रोज मांडले जाणारे गणित असेच असते. युरोपातल्या एका दुकानसाखळीने 20 हजार राउंड नेक टी-शर्ट मागवले आहेत. कापड सिंगल जर्सी, 95 टक्के कापूस आणि 5 टक्के स्पॅन्डेक्स, वजन चौरस मीटरला 180 ग्रॅम. भाव नगाला 3 डॉलर एफओबी, म्हणजे माल भारतीय बंदरात जहाजावर चढवून देईपर्यंतचा. मुदत ऑर्डरपासून 90 दिवस. या नव्वद दिवसांवर दोन माणसांचे करिअर उभे असते. पहिला मर्चंडायझर, दुसरा प्रॉडक्शन मॅनेजर.

मर्चंडायझर म्हणजे कपडे विकणारा, असा बाहेर समज आहे. निर्यातीच्या कारखान्यात तो खरेदीदार आणि शिलाईची लाइन यांच्यामधला जबाबदार माणूस असतो. ऑर्डर आली की तो ‘टी अँड ए’ म्हणजे कामांचे आणि तारखांचे कॅलेंडर करतो, आणि तारखा शेवटाकडून मागे मोजतो. नव्वदाव्या दिवशी माल बंदरात हवा, तर तपासणी पंच्याऐंशीच्या आसपास. त्यासाठी शिलाई ऐंशीव्या दिवशी संपायला हवी. शिलाईला रविवारच्या सुट्ट्या धरून पंचवीस दिवस लागतील, म्हणजे ती पंचावन्नाव्या दिवशी सुरू व्हायला हवी. त्याआधी प्रत्यक्ष कापडातून शिवलेला पीपी सॅम्पल खरेदीदाराने मंजूर केलेला असायला हवा, आणि त्यासाठी रंगवलेले कापड पंचेचाळिसाव्या दिवशी कारखान्यात हवे. उरलेल्या पंचेचाळीस दिवसांत सूत, विणाई, रंगाई आणि रंगाची मंजुरी बसवायची.

रंगाची मंजुरी हा यातला सर्वांत फसवा भाग. रंगाईवाला कापडाचे छोटे तुकडे रंगवतो, त्यांना लॅब डिप म्हणतात. ते कुरिअरने परदेशी जातात. खरेदीदाराचा माणूस ते ठरावीक उजेडाच्या पेटीत धरून आपल्या नमुन्याशी ताडतो आणि हो किंवा नाही कळवतो. एका फेरीला आठ-दहा दिवस जातात. दोन फेऱ्यांत काम झाले तर कॅलेंडर टिकते. तिसरी फेरी लागली की दहा दिवस गेले, आणि हे दहा दिवस शेवटी शिलाईच्या वाट्याचे कापले जातात. जहाजाची तारीख तर हलत नाही. म्हणून चांगला मर्चंडायझर पहिल्याच फेरीत एका रंगाच्या तीन छटा पाठवतो, म्हणजे त्यातली एक तरी बसते. पुढच्या महिन्यातले नुकसान आज टाळायचे, हीच त्याची कसोटी.

दुसरी कसोटी कापडाच्या हिशेबाची. एका टी-शर्टला कटाईतली घट धरून साधारण 200 ग्रॅम कापड लागते, म्हणजे 20 हजार नगांना 4 हजार किलो. नव्या मर्चंडायझरने घाईत 190 ग्रॅम धरले, तर नगामागे फरक अवघा दहा ग्रॅमचा. पण एकूण 200 किलो कापड कमी येते, आणि त्यात एक हजार टी-शर्ट अडकतात. हे कटाईच्या शेवटी उघडकीला येते. मग 200 किलोची छोटी लॉट पुन्हा रंगवायला टाकली तर तिची छटा पहिल्या लॉटशी जुळेलच असे नाही. जुळली नाही तर एकाच खोक्यात दोन छटांचे शर्ट जातात आणि तपासणीत माल अडतो. कापड हा शर्टाच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा असतो, त्यामुळे जास्त मागवूनही चालत नाही. इंग्रजी बोलता येते म्हणून मर्चंडायझर व्हावे, असा सल्ला शहरात सर्रास दिला जातो. माझ्या मते तो अर्धवट आहे. पत्रव्यवहाराचे इंग्रजी सहा महिन्यांत जमते. ज्याला ग्रॅम आणि दिवस यांचा हिशेब मनात धरता येत नाही, त्याला मात्र या कामात रोज त्रास होतो.

कापड कारखान्यात आले की सूत्रे उत्पादन विभागाकडे जातात, आणि स्पॅन्डेक्सचे कापड तिथे पहिली परीक्षा घेते. रंगाईनंतर हे कापड ताणून गुंडाळलेले असते. रोल उलगडून ते रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस, सैल पसरून ठेवावे लागते. तेवढ्यात ते आपल्या मूळ मापाला परत येते. घाईत ही पायरी गाळली तर कापताना तुकडे अचूक असतात आणि शिवून झाल्यावर शर्ट आखूड भरतो. ओळखायची रीत सोपी आहे. उलगडलेल्या कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन खुणावायचा आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा. तो साडेअठ्ठेचाळीस भरला तर आकुंचन तीन टक्के झाले. 72 सेंटिमीटर उंचीच्या शर्टात तीन टक्के म्हणजे दोन सेंटिमीटरहून जास्त, आणि खरेदीदार उंचीत बहुधा एकच सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घेतो. एका रात्रीची घाई पूर्ण लॉटला महाग पडते. कटिंग इनचार्ज हे पद बाहेर कुणाला ठाऊक नसते, पण जाणता कटिंग इनचार्ज मिळवण्यासाठी कारखाने एकमेकांची माणसे ओढतात, ते यामुळेच.

आता शिलाई. इथे सगळे काम एका संख्येभोवती फिरते, तिला सॅम म्हणतात. सरावलेल्या कारागिराला, विश्रांतीची सवलत धरून, एक नग शिवायला लागणारी प्रमाण मिनिटे म्हणजे सॅम. आपल्या टी-शर्टचा सॅम दहा धरू. लाइनवर तीस कारागीर, दिवसाचे आठ तास. म्हणजे दिवसाला 14,400 मिनिटे हाताशी आली. ती सगळी शिलाईत उतरली तर 1,440 शर्ट होतील. तसे कधीच होत नाही. सुई तुटते, बंडल वेळेवर येत नाही, एक बाई गैरहजर असते, शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. कारखान्याची कार्यक्षमता 50 टक्के असेल तर दिवसाला 720 शर्ट होतात आणि 20 हजारांना अठ्ठावीस कामाचे दिवस लागतात. 65 टक्के असेल तर दिवसाला 936 होतात आणि बावीस दिवसांत काम संपते.

हे सहा दिवस म्हणजे या धंद्यातला नफा. कॅलेंडरमध्ये शिलाईला पंचवीस दिवस होते. बावीस कामाचे दिवस रविवार धरून त्यात बसतात, अठ्ठावीस बसत नाहीत. जहाज चुकले तर दोनच वाटा उरतात. एक तर खरेदीदाराला भावात सूट द्यायची, नाहीतर माल विमानाने पाठवायचा. हवाई भाडे किलोला अडीचशे रुपये धरले तर खोक्यासकट एका शर्टावर पन्नास-पंचावन्न रुपये चढतात. 85 रुपयांच्या डॉलरने शर्टाचा भाव 255 रुपये, त्यात कारखान्याचा नफा पंधरा-वीस रुपये. म्हणजे विमानाने गेलेल्या प्रत्येक शर्टावर कारखाना पदरचे पैसे घालतो.

पन्नासावरून पासष्टवर जायचे कसे, हे इंडस्ट्रियल इंजिनिअरचे काम. कारखान्यात त्याला नुसते ‘आयई’ म्हणतात. टी-शर्ट एकजण शिवत नाही. एकजण खांदे जोडतो, दुसरा गळ्याची पट्टी लावतो, तिसरा फ्लॅटलॉकवर टीप घालतो, मग बाह्या, बाजू, शेवटी खालची दुमड. समजा गळ्याची पट्टी लावायला नगाला 0.60 मिनिट लागते आणि त्या कामाला एकच ओव्हरलॉक यंत्र दिले आहे. ते यंत्र तासाला शंभर, दिवसाला फार तर 800 गळे देईल. बाकीचे कारागीर कितीही चपळ असोत, लाइन 800 च्या पुढे जाणार नाही. आयई हे गणितावाचूनही ओळखतो. ज्या यंत्राच्या अलीकडे बंडलांचा ढीग आणि पलीकडे रिकामे टेबल, ते बॉटलनेक. तिथे दुसरे यंत्र द्यायचे, किंवा ज्या कारागिराचे काम हलके आहे त्याला रोज दोन तास गळ्यावर बसवायचे. कमी कौशल्याच्या हाती गळा दिला तर वेग वाढतो आणि गळे लाटा मारतात, म्हणून माणूस निवडतानाही डोळा लागतो.

संभाजीनगरच्या मुलांनी याकडे नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. वाळूजला वाहन उद्योग आल्यापासून या शहराच्या दोन पिढ्यांनी लाइन बॅलन्सिंग, सायकल टाइम आणि बॉटलनेक हे शब्द घरात ऐकले आहेत. डिप्लोमा झालेल्या मुलाने इंजिनच्या किंवा वायरिंगच्या लाइनवर स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजलेली असते. कपड्याच्या कारखान्यातला आयई हेच करतो. फरक दोन आहेत. लोखंडाचा भाग जिथे ठेवला तिथे राहतो. कापड मात्र लोळते, ताणले जाते, आणि प्रत्येक तुकडा हाताने सरळ करावा लागतो. त्यामुळे हातांच्या हालचालींचा अभ्यास इथे फार महत्त्वाचा ठरतो. दुसरा फरक, गाडीचे मॉडेल वर्षानुवर्षे चालते, तर शर्टाची स्टाइल तीन-चार आठवड्यांत बदलते. नवी स्टाइल लाइनवर चढली की पहिल्या दिवशी कार्यक्षमता वीस टक्क्यांपर्यंत घसरू शकते आणि तिला वर यायला चार-पाच दिवस लागतात. वीस हजारांच्या ऑर्डरला हे परवडते. दोन हजारांच्या ऑर्डरमध्ये हात बसेपर्यंत माल संपलेला असतो. आज खरेदीदार लहान लहान ऑर्डरी देऊ लागले आहेत, म्हणून स्टाइल झटपट बदलून देणारा आयई प्रॉडक्शन मॅनेजरच्या खुर्चीकडे इतरांपेक्षा लवकर जातो.

माल तयार झाला की निकाल लागतो तो तपासणीच्या टेबलावर. 20 हजारांच्या लॉटमधून, नेहमीच्या पातळीनुसार, 315 नग निवडून पाहतात. एक्यूएल, म्हणजे दोष चालवून घेण्याची पातळी, 2.5 ठरलेली असेल तर त्यात चौदा मोठे दोष चालतात. पंधरावा सापडला की सगळा लॉट नापास. मग 20 हजार शर्ट पुन्हा उघडून तपासायचे, आणि जहाज चार दिवसांवर. ज्या कारखान्यात दोष दर तासाला लाइनवरच मोजून फळ्यावर लिहिले जातात, तिथे हा प्रसंग सहसा येत नाही. नोकरीसाठी कारखाना पाहायला गेलात तर तो फळा पाहा. त्यावर आजचे, या तासापर्यंतचे आकडे असतील तर कारखाना चालवणारी माणसे जागी आहेत.

निर्यात या कामांना आकार देते ती पहिल्यांदा तारखेतून, हे वर आलेच. दुसरा आकार सीमेवरच्या कोट्याचा आणि शुल्काचा. 1974 पासून 2004 अखेरपर्यंत, आधी मल्टी फायबर अरेंजमेंटखाली आणि नंतर तिच्या जागी आलेल्या कराराखाली, श्रीमंत देश प्रत्येक देशाकडून किती कपडे घ्यायचे याचा कोटा ठरवत. त्या काळात कोटा हाती असणे हेच निम्मे भांडवल होते. 1 जानेवारी 2005 ला कोटे गेले आणि स्पर्धा उघडी झाली. ज्यांचे मिनिट स्वस्त आणि वेळ पक्की, त्यांच्याकडे काम वळले. चीन आणि बांगलादेश पुढे गेले. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचे कपडे युरोपीय संघात बिनशुल्क शिरत आले, भारतीय कपड्यांना मात्र शुल्क भरावे लागत आले. तिरुपूरच्या मॅनेजरला ढाक्याच्या मॅनेजरपेक्षा कार्यक्षमता जास्त का लागते, त्याचे एक मोठे कारण हे.

शुल्क अचानक वाढले तर काय होते, ते 2025 च्या ऑगस्टमध्ये दिसले. अमेरिकेत सुती टी-शर्टवर नेहमीचे शुल्क 16.5 टक्के. म्हणजे आपल्या 3 डॉलरच्या शर्टावर सुमारे 50 सेंट. 27 ऑगस्टपासून भारतीय मालावर जादा शुल्क 50 टक्के झाले आणि त्याच शर्टावरची रक्कम 2 डॉलरच्या घरात गेली. कार्यक्षमतेत पंधरा टक्क्यांची उडी मारूनही हे भरून येत नाही, कारण शर्टाची अख्खी शिलाई दीड डॉलरचीही नसते. अमेरिकेवरच अवलंबून असलेल्या कारखान्यांत ऑर्डरी थांबल्या आणि मर्चंडायझर सूट मागणाऱ्या ईमेलना उत्तरे देत बसले. ज्यांचे खरेदीदार युरोप, ब्रिटन, जपान आणि देशातले मोठे ब्रँड असे वाटलेले होते, त्यांना श्वास घ्यायला जागा उरली. हे आकडे करारागणिक बदलत राहतील. नोकरी करणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की त्याची नोकरी किती पक्की हे कारखान्याच्या आकाराइतकेच त्याच्या ग्राहकांच्या वाटणीवर अवलंबून असते.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली, तिचा मराठवाड्याशी थेट संबंध आहे. निर्यातदारांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्राने 19 ऑगस्टपासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, आणि ही सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. शिलाईच्या कारखान्याला त्याने हात दिला. पण तो काळ नेमका सिल्लोड-फुलंब्रीच्या वेचणीचा, आणि परदेशी कापूस स्वस्त झाला की इथल्या भावावर दाब येतो. एकाच निर्यातीच्या दोन टोकांना दोन मराठी घरे असू शकतात. एका घरातला मुलगा बेंगळुरूला मर्चंडायझर, दुसऱ्या घरात बाप कापूस वेचून बाजारभाव पाहतो आहे. कापसावर मराठवाड्यातच पुढची प्रक्रिया व्हावी, ही मागणी म्हणूनच नुसती अस्मितेची नाही. शिलाई इथे असती तर एका टोकाचे नुकसान दुसऱ्या टोकाच्या पगारातून थोडे तरी भरून निघाले असते.

तिसरा आकार ऑडिटचा. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून 1,134 माणसे गेली. त्यानंतर मोठ्या ब्रँडना पुरवठादारांकडे बारकाईने पाहणे भाग पडले. आज ऑडिटर हजेरीपट, जादा कामाचे तास, आपत्कालीन दरवाजे, पाळणाघर, तुटलेल्या सुईची नोंदवही असे सगळे तपासतो. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडले नाहीत तर त्या जागेचा माल बाजूला काढायचा असतो, कारण सुईचे टोक लहान मुलाच्या कपड्यात गेले तर ब्रँड बुडतो. यातून कम्प्लायन्स ऑफिसर हे नवे पद जन्माला आले. समाजकार्य किंवा कामगार कायदा शिकलेल्यांसाठी ही खरी वाट आहे. काही ठिकाणी दोन हजेरीपट ठेवले जातात, एक ऑडिटरसाठी आणि एक खरा. तसल्या कारखान्यात मॅनेजर कितीही हुशार असो, त्याचे कौशल्य वाया जाते. उशीर माणसांच्या रात्रींतून भरून काढता आला की लाइन सुधारायची गरजच वाटेनाशी होते.

शिलाईच्या लाइनवर बसलेल्यांत बायका बहुसंख्य असतात, आणि सुपरवायझर बहुतेक वेळा पुरुष. ही जुनी खोड आहे आणि तिने धंद्याचे नुकसान होते. गळा कुठे अडतो, हे तिथे पाच वर्षे बसलेल्या बाईइतके कुणाला कळत नाही. मराठवाड्यात पुढे शिलाईचे कारखाने आलेच, तर इथल्या बायकांना कारागीर म्हणून घेताना सुपरवायझर होण्याची पायरी आणि तिचे प्रशिक्षण पहिल्या दिवशीच कागदावर असायला हवे.

जागेची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला आणि शहर त्याच्यावरच आहे, त्यामुळे मुंबईकडची बंदरे एका रात्रीच्या टप्प्यात आली. अडचण विणाई आणि रंगाईची आहे. रंगाईला पाणी फार लागते आणि तिचे सांडपाणी शुद्ध करावे लागते. उन्हाळ्यात टँकर पाहणाऱ्या जिल्ह्यात मोठी रंगाई आणणे शहाणपणाचे नाही. पण तयार कापड आणून कापणे-शिवणे शक्य आहे, त्याला पाणी फार लागत नाही. अमरावतीला नांदगावपेठला पीएम मित्र पार्क होऊ घातले आहे. तिथे कापड तयार झाले तर संभाजीनगरात शिलाई, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

शिक्षणाचे थोडक्यात. मराठवाड्यातच, नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत टेक्स्टाइलची पदवी आहे. इचलकरंजीचे डीकेटीई आणि मुंबईचे व्हीजेटीआय हीही जुनी ठिकाणे. मुंबईच्या निफ्टमधला फॅशन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम थेट उत्पादनाकडे नेतो. आठवीनंतर आयटीआयचा सुइंग टेक्नॉलॉजी ट्रेड आहे, आणि निर्यात परिषदेशी संबंधित एटीडीसीची केंद्रे छोटे अभ्यासक्रम चालवतात. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनचा डिप्लोमा हाती असलेल्याने वेगळी पदवी शोधत बसू नये. तिरुपूर किंवा बेंगळुरूच्या कारखान्यात ट्रेनी आयई म्हणून दोन वर्षे काढावीत, पहिले सहा महिने कटाई आणि शिलाईच्या मजल्यावरच. पैठणी आणि हिमरू यांची वाट वेगळी आहे. तिथे किंमत कसबाची असते, मिनिटांची नाही, म्हणून वरचे कुठलेच गणित त्यांना लावू नये.

मुलाखतीला गेलात तर चार प्रश्न विचारा. कारखान्याची सध्याची कार्यक्षमता किती? सर्वांत मोठ्या एका खरेदीदाराचा वाटा किती? गेल्या वर्षी किती माल विमानाने पाठवावा लागला? जादा कामाचा कायद्याने ठरलेला दुप्पट दर पगाराच्या पावतीवर दिसतो का? पहिल्या तिन्हींची उत्तरे आकड्यांत, चौथ्याचे होकारार्थी, आणि सगळी न अडखळता मिळाली तर तिथे रुजू व्हा.